दिवेलागणीनंतर दिसत नाही तेव्हा

दोन-तीन वर्षांचे मूल 'मला अंधुक दिसते' असे कधी सांगत नाही. त्याला तसे दिसते हेच त्याला ठाऊक नसते. दिवसभर अंगणात धावणारे पोर दिवेलागण झाली की एका जागी बसून राहते, ताटात वाढलेला भाकरीचा तुकडा चाचपडत शोधते, रोजच्या पायाखालच्या उंबऱ्याला अडखळते आणि हाक मारली तर आवाजाच्या दिशेने नुसते तोंड वळवते. घरातल्या माणसांना वाटते, पोर दमले असेल किंवा अंधाराला भीत असेल. सकाळी ते पुन्हा नेहमीसारखे खेळायला लागते आणि संध्याकाळची गोष्ट सगळे विसरतात. लहान मुलांमधला रातांधळेपणा बहुतेक वेळा असाच नजरेतून सुटतो. जे मूल अजून चालायलाच लागलेले नाही, त्याच्या बाबतीत तर तो ओळखता येणे जवळजवळ अशक्यच.

रातांधळेपणा हा स्वतः आजार नाही, ते लक्षण आहे. उजेडात नीट दिसते, पण कातरवेळी किंवा मंद प्रकाशात इतरांना दिसते तेवढे आपल्याला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे लक्षण दोन दिवसांत नाहीसे होणाऱ्या कमतरतेमुळे येऊ शकते आणि जन्मभर साथ न सोडणाऱ्या आनुवंशिक विकारामुळेही येऊ शकते. कोणते कारण कोणाला लागू पडते हे समजण्यासाठी अंधारात डोळा नेमके काय करतो ते आधी पाहायला हवे.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी साधारण 60 लाख. त्या भरपूर उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे दाखवतात. दंडपेशी मात्र 12 कोटींच्या आसपास. रंग त्यांना कळत नाहीत, पण अतिशय मंद प्रकाश त्या टिपू शकतात. अंधाऱ्या रात्री खुंटीवरची साडी दिसते, पण ती लाल की हिरवी हे सांगता येत नाही, ते यामुळे. दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. त्याचे दोन भाग असतात. एक मोठे प्रथिन आणि त्याच्या खोबणीत बसलेला रेटिनल नावाचा एक छोटा रेणू. हे रेटिनल म्हणजे अ जीवनसत्त्वाचेच एक रूप. खोबणीत ते वाकलेल्या अवस्थेत बसलेले असते. त्याच्यावर प्रकाश पडला की ते ताठ होते आणि त्याच्या ताठ होण्याने प्रथिनाचा आकार बदलतो. तिथून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची सुरुवात होते. डोळ्यातल्या अ जीवनसत्त्वाचे हे काम उलगडणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना 1967 मध्ये दोन सहकारी शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळाले.

एकदा ताठ झालेले रेटिनल खोबणीत टिकत नाही, ते सुटून बाहेर पडते. पडद्याच्या मागे रंगीत पेशींचा एक थर असतो. तिथे ते नेले जाते, पुन्हा वाकवले जाते आणि दंडपेशीकडे परत पाठवले जाते. म्हणजे एकच माल फिरत राहतो. उन्हातून आपण एकदम अंधाऱ्या माजघरात शिरलो की आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू कणग्या, फडताळ दिसू लागते. या वेळात प्रामुख्याने हेच काम चालू असते. उजेडाने रिकाम्या झालेल्या खोबण्यांत वाकलेले रेटिनल पुन्हा भरले जात असते. शंकुपेशी पाच-दहा मिनिटांत तयार होतात, दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास ते चाळीस मिनिटे लागतात. बाहुली मोठी होते ती काही क्षणांत, पण तिने फारसा फरक पडत नाही.

या फेऱ्यात थोडे अ जीवनसत्त्व सतत गळत असते आणि ती तूट रक्तातून भरून काढावी लागते. रक्तात ते येते यकृतातून. शरीरातल्या अ जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा यकृतात असतो आणि तिथून ते एका वाहक प्रथिनावर बसून डोळ्यापर्यंत पोचते. धडधाकट, नीट खाणाऱ्या प्रौढाच्या यकृतात कित्येक महिने पुरेल एवढा साठा असतो. म्हणून एखादा महिना भाजीपाला कमी खाल्ल्याने कोणी रातांधळे होत नाही. साठा आटला की मात्र फटका आधी दंडपेशींना बसतो. शंकुपेशींना भरपूर उजेडात काम करायचे असते, त्यामुळे थोडक्या रंगद्रव्यावरही त्यांचे भागते. दंडपेशींना मात्र हाती आलेला प्रकाशाचा एकेक कण पकडायचा असतो. म्हणून दिवसा सगळे ठीक आणि संध्याकाळी अंधार, अशी ही विचित्र तक्रार तयार होते.

ही खूण आपल्याकडे जुन्या काळापासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेत नक्तांध्य या नावाने तिचे वर्णन आहे आणि उपायांत पिंपळीबरोबर बकऱ्याचे यकृत सांगितले आहे. प्राचीन इजिप्त आणि ग्रीसमध्येही यकृतच सांगत. जीवनसत्त्व या कल्पनेचा पत्ता नसताना जगाच्या तीन कोपऱ्यांत लोक नेमके त्याच अवयवाकडे वळले, हे मला तरी फार विलक्षण वाटते.

आता एक रुग्ण पाहू. अशा रुग्णांच्या कहाण्या एकमेकींसारख्याच असतात, म्हणून दोन-तीन एकत्र करून एकच सांगतो. वय 48, पहाटे चारला टेम्पोत भाजी भरून बाजार समितीत पोचवणारा चालक. तक्रार अडीच महिन्यांची. आधी पहाटेच्या वेळी रस्त्याची कड दिसेनाशी झाली, मग गोदामात शिरल्यावर क्रेट कुठे ठेवलेत ते कळेना. शेजारी बसलेला हमाल म्हणतो, 'अहो, समोर माणूस आहे', आणि यांना माणूस दिसत नाही. चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर बदलून घेतला, उपयोग शून्य. दवाखान्यात अक्षरांचा तक्ता वाचायला लावला तर शेवटची ओळसुद्धा बिनचूक वाचली. याच टप्प्यावर अनेकांना 'डोळे उत्तम आहेत, मनाचा खेळ आहे' असे सांगून घरी पाठवले जाते. अक्षरांचा तक्ता भरपूर उजेडात वाचला जातो आणि तो शंकुपेशींची परीक्षा घेतो, दंडपेशींची नव्हे, हे तपासणाऱ्याच्याही ध्यानात राहत नाही.

बाहुली मोठी करून पडदा पाहिला, तोही निरोगी. बुबुळाशेजारचा पांढरा भाग मात्र थोडा कोरडा, तकाकी गेलेला. यापुढचा प्रश्न डोळ्याचा नव्हता. 'पोटाचे काही ऑपरेशन झाले आहे का?' झाले होते. तीन वर्षांपूर्वी आतड्याच्या क्षयामुळे लहान आतड्याचा बराचसा भाग काढून टाकावा लागला होता. तेव्हापासून दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावे लागते. मल तेलकट असतो, पाण्यावर तरंगतो, भांड्याला चिकटतो. वजन अकरा किलोंनी उतरले आहे. 'पण त्याचा डोळ्यांशी काय संबंध?' असे त्यांनी विचारले. संबंध हाच की अ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळते आणि आहारातल्या तेल-तुपाबरोबरच आतड्यातून शोषले जाते. तेलच शोषले जात नसेल तर त्याच्या पाठीवरून येणारे जीवनसत्त्वही वाया जाते. ऑपरेशननंतर ही तक्रार यायला पावणेतीन वर्षे लागली, कारण तेवढा काळ यकृतातला साठा कामी येत होता.

रक्तातले अ जीवनसत्त्व तपासले. 100 मिलिलिटर रक्तद्रवात 20 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमतरता, यांचे आले 7. पडद्याच्या विद्युत तपासणीत, म्हणजे ईआरजीमध्ये, अंधारात सरावलेल्या डोळ्याला मंद प्रकाशाची चमक दाखवली तेव्हा दंडपेशींकडून जवळजवळ काहीच उत्तर आले नाही, शंकुपेशींचे उत्तर बऱ्यापैकी होते. निदान पक्के झाले. आता गोळी द्यायची तर आतडे ती शोषणार नाही, म्हणून पाण्यात मिसळणाऱ्या स्वरूपातील जीवनसत्त्व इंजेक्शनने दिले गेले. तिसऱ्या संध्याकाळी घरासमोरच्या गल्लीतली मांजर त्यांना दिसली. इतक्या लवकर पालटणारी लक्षणे डोळ्यांच्या दवाखान्यात फारशी पाहायला मिळत नाहीत. रिकाम्या खोबण्यांना माल मिळाला की दंडपेशी काम सुरू करतात. त्या मेलेल्या नसतात, नुसत्या उपाशी असतात. डोळ्याचा कोरडेपणा जायला मात्र काही आठवडे लागतात. ड, ई आणि के ही बाकीची स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्वेही अशा माणसात तपासावी लागतात, आणि ठरावीक काळाने जीवनसत्त्वाचा डोस पुन्हा द्यावा लागतो. आतडे काही पूर्ववत होत नाही.

शहरी प्रौढांत ही कमतरता आज दिसते ती बहुधा अशाच मार्गाने. स्वादुपिंडाचा जुना दाह, पित्तमार्गातला दीर्घकाळचा अडथळा, लठ्ठपणासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सांगितलेली जीवनसत्त्वे न घेणे, वर्षानुवर्षे मोजकेच तीन-चार पदार्थ खाणे. यकृताच्या सिरॉसिसची गोष्ट त्यातही वेगळी. तिथे साठवणही बिघडते आणि वाहक प्रथिनही कमी तयार होते. जस्ताची कमतरता असेल तर त्यात आणखी भर पडते. पण याच यकृताला अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस घातक ठरू शकतात. दारूमुळे यकृत खराब झालेल्या माणसाने संध्याकाळी दिसत नाही म्हणून दुकानातून कॅप्सूल आणून खाऊ नयेत ते यासाठी.

मुलांकडे परत येऊ, कारण तिथे प्रश्न फक्त नजरेचा नाही. मुलाचा साठा मुळातच थोडा असतो. वाढत्या शरीराची मागणी जास्त. त्यात गोवर किंवा लागोपाठ जुलाब झाले की आहे तो साठा काही दिवसांत संपतो. रातांधळेपणानंतर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा चिकट पांढुरका डाग येतो. त्याही पुढे पारदर्शक बुबुळ कोरडे पडते आणि मऊ होऊन अक्षरशः विरघळू लागते. हे कधी कधी एक-दोन दिवसांत होते आणि मग परतीचा रस्ता नसतो. रातांधळेपणाच्या टप्प्यावर पकडलेले मूल पूर्ण बरे होते. म्हणून संध्याकाळी बसून राहणाऱ्या पोराकडे वेळीच लक्ष जायला हवे.

आल्फ्रेड सॉमर हे अमेरिकी नेत्रतज्ज्ञ 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडोनेशियात याच विषयावर काम करत होते. तिथे रातांधळेपणाला 'कोंबडीचे आंधळेपण' अशा अर्थाचा शब्द आहे. कोंबड्यांनाही अंधारात फारसे दिसत नाही, सांज झाली की त्या खुराड्यात शिरतात. आयांना त्यांच्या बोलीतला हा शब्द वापरून विचारले की उत्तर भरवशाचे मिळते, असे तिथे आढळले. आकडेवारी पाहताना सॉमर यांच्या लक्षात आले, की ज्या मुलांना नुसता रातांधळेपणा किंवा फेसाळ डाग होता, ती मुले इतरांपेक्षा जास्त संख्येने मरण पावत होती, तीही जुलाबाने आणि श्वसनाच्या आजाराने. अ जीवनसत्त्व आतड्याचे, श्वासनलिकेचे अस्तर आणि रोगप्रतिकारशक्तीही सांभाळते. ते आटल्याची पहिली दिसणारी खूण डोळ्यात उमटते, एवढेच. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या सुमात्रातील चाचणीत सहा महिन्यांच्या अंतराने मोठा डोस दिलेल्या गावांत बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. पुढे उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र असा ठळक फायदा दिसला नाही, आणि सरसकट सगळ्या मुलांना डोस द्यावा की नाही यावर आपल्याकडचे तज्ज्ञ आजही भांडतात. गोवर झालेल्या किंवा डोळ्यात लक्षणे दिसणाऱ्या मुलाला तो द्यावा, यावर मात्र वाद नाही.

सरकारी कार्यक्रमात हे औषध नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर 1 लाख युनिट असे सुरू होते. दुसरा डोस सोळा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान 2 लाख युनिटचा, आणि तेवढाच पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचे होईपर्यंत. असे एकूण नऊ डोस. अंगणवाडीतल्या त्या गोडसर पिवळ्या औषधाच्या चमच्याचा हिशेब हा असा. रातांधळेपणा सिद्ध झालेल्या, वर्षापेक्षा मोठ्या मुलाला 2 लाख युनिट लगेच, तेवढेच दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा दोन आठवड्यांनी, असे देतात. गर्भवतीला मात्र हे कदापि देत नाहीत. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पोटातल्या बाळाची मागणी वाढते आणि आधीच तुटपुंजा साठा असलेल्या बाईला संध्याकाळी चूल-भांडी दिसेनाशी होतात. 'दिवस गेल्यावर असे होतेच, बाळंतपण झाले की जाते' असे सासू-नणंदा सांगतात आणि बऱ्याचदा ते जातेही. पण तिची कमतरता खरी असते. तिला रोज 10 हजार युनिटच्या आतला छोटा डोस काही आठवडे देतात, कारण मोठ्या डोसाने, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, बाळात व्यंग निर्माण होऊ शकते.

आहाराबद्दल थोडे. यकृत, अंडी, दूध, तूप यांतून तयार अ जीवनसत्त्व मिळते. हिरव्या पालेभाज्या, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा यांतून मिळते ते कॅरोटीन, आणि शरीराला त्यापासून जीवनसत्त्व बनवावे लागते. साधारण 12 भाग कॅरोटीन खाल्ले तर 1 भाग हाती लागतो. त्यालाही तेल लागते. पालेभाजीला लसणाची फोडणी देण्याची आपली रीत म्हणूनच शहाणपणाची. पण ज्याचे यकृत आधीच भरलेले आहे, त्याने किलोभर गाजरे खाल्ली तरी त्याला रात्री अधिक दिसणार नाही. खोबण्या भरल्या की भरल्या.

आता ज्यांच्या रातांधळेपणाला जीवनसत्त्वाचा उपयोग नाही ते लोक. यातली सर्वांत दुःखद गोष्ट रेटिनायटिस पिगमेंटोसाची. हा पडद्याचा आनुवंशिक विकार आहे. रुग्ण बहुधा तरुण असतो आणि 'कधीपासून?' असे विचारले की उत्तर येते, 'लहानपणापासूनच, सिनेमाच्या हॉलमध्ये भावाचा हात धरूनच जात होतो.' टेम्पोचालकाच्या अडीच महिन्यांशी याची तुलना करा. इथे दंडपेशी उपाशी नसतात, त्या एकेक करून मरत असतात. पुढे नजरेची व्याप्ती कडेकडून आकसते. समोरचे वाचता येते, पण बाजूने येणारी सायकल दिसत नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. पडदा तपासला की त्यावर काळ्या रंगाची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते. काही घरांत हा विकार आई-वडिलांपैकी एकाकडून थेट येतो, काही घरांत आईकडून प्रामुख्याने मुलग्यांत उतरतो. पण अनेकदा दोन्ही बाजूंनी एकेक सदोष जनुक यावे लागते आणि नात्यातल्या लग्नांत ती शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे, म्हणून डोळ्यांचे डॉक्टर आई-वडिलांचे नाते विचारतात. रुग्णाला तो प्रश्न खटकतो, पण तो चौकशीपुरताच असतो.

या विकाराची बहुतेक रूपे थांबवता येत नाहीत. एक अपवाद आपल्या मघाच्या फेऱ्याशी थेट जोडलेला आहे. ताठ रेटिनल पुन्हा वाकवणारे विकर ज्या जनुकावरून तयार होते, तेच काही मुलांत बिघडलेले असते. यकृत भरलेले, रक्तात जीवनसत्त्व भरपूर, पण वाकवणारा कारागीरच नाही. निरोगी जनुक पडद्याखाली टोचून सोडण्याच्या उपचाराला 2017 च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळाली. तो अतिशय महाग आहे आणि फक्त याच एका जनुकाच्या दोषाला चालतो, ज्यांच्या पडद्यात जिवंत पेशी शिल्लक आहेत त्यांनाच.

पन्नाशीनंतर 'रात्री दिसत नाही' म्हणणाऱ्या बहुसंख्यांना मात्र यातले काहीच नसते. त्यांना एकच विचारावे, अंधारात दिसत नाही की समोरून गाडीचा दिवा आला की दिसत नाही? दिव्याभोवती वलय दिसते, रस्ता पांढरा होऊन जातो असे उत्तर आले तर तो बहुधा मोतीबिंदू असतो, आणि तो शस्त्रक्रियेने जातो. लघुदृष्टीचा अर्धवट दुरुस्त केलेला नंबरही रात्रीच जास्त जाचतो. काचबिंदूसाठी दिले जाणारे पायलोकार्पिनचे थेंब बाहुली बारीक करतात, मधुमेहात पडद्यावर केलेल्या विस्तृत लेसर उपचाराने दंडपेशींचे क्षेत्रच कमी होते, आणि मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या रेटिनलच्या फेऱ्यात आडव्या येतात. या गोळ्या घेणारा कॉलेजातला मुलगा रात्री दुचाकी चालवत असेल तर त्याला हे माहीत असायला हवे. ही तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची पिशवी, जुन्या ऑपरेशनचे कागद आणि 'हे कधीपासून' याचे शक्य तितके नेमके उत्तर बरोबर न्यावे. चष्म्याच्या नंबरापेक्षा निदान बहुतेक वेळा याच तीन गोष्टींतून होते.